क्लासच्या सूचनांसाठी टेलिग्राम चॅनेल की ग्रुप? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावी सायन्स, सीईटी आणि नीटचे क्लास चालवणारे शिक्षक, त्यांच्या ऑफिसात बसणारी माणसं आणि पालक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना शंभर ते दोनशे मुलांचा, दोन-तीन बॅचचा क्लास डोळ्यांसमोर ठेवला आहे. तालुक्याच्या गावापासून पुण्यापर्यंत बहुतेक क्लास याच आकाराचे असतात.

## थोडक्यात सांगा, सूचनांसाठी काय घ्यावं?

चॅनेल. वेळापत्रक, टेस्टची तारीख, सुट्टी, नोट्सची पीडीएफ, निकाल हे सगळं क्लासकडून मुलांकडे जायचं असतं आणि त्यावर सगळ्यांसमोर चर्चा अपेक्षित नसते. चॅनेल नेमकं याच कामासाठी आहे. ग्रुप डाउटसाठी ठेवा, तोही छोटा आणि बॅचपुरता.

बरेच क्लास मात्र सुरुवात ग्रुपने करतात. व्हॉट्सअ‍ॅपमुळे ग्रुपची सवय असते आणि पहिल्या वर्षी वीस-पंचवीस मुलांत तो चालूनही जातो. पुढे मुलं दीडशेवर गेली तरी व्यवस्था तीच राहते आणि मग तक्रारी सुरू होतात: सूचना सापडत नाही, अनोळखी माणसं मुलांना मेसेज करतात, रात्री साडेअकराला कुणीतरी स्टिकर टाकतं.

## दोन्हींत नेमका फरक काय?

चॅनेलमध्ये फक्त ॲडमिन लिहू शकतो. बाकीचे सगळे वाचक असतात आणि एका वाचकाला दुसरा वाचक दिसत नाही. पोस्ट चॅनेलच्या, म्हणजे क्लासच्या नावाने जाते. ती मॅडमनी टाकली की ऑफिसमधल्या मुलाने, हे बाहेर कळत नाही. कळावं असं वाटत असेल तर सेटिंगमध्ये सही चालू करता येते. वाचकांच्या संख्येला मर्यादा नाही.

ग्रुपमध्ये सगळे लिहू शकतात, एकमेकांना पाहू शकतात आणि नावावर बोट ठेवून एकमेकांना खासगी मेसेज करू शकतात. ग्रुपची मर्यादा २,००,००० सदस्यांची आहे, त्यामुळे जागा कमी पडण्याचा प्रश्न कुठल्याच क्लाससमोर येत नाही.

आणखी एक फरक प्रवेशाच्या दिवसांत जाणवतो. चॅनेलमध्ये ऑगस्टमध्ये आलेल्या मुलालाही जूनपासूनच्या सगळ्या पोस्ट दिसतात. खासगी ग्रुपमध्ये जुने मेसेज नव्या सदस्याला दिसावेत की नाही याची वेगळी सेटिंग असते आणि ती मुळात बंद असते. ती कुणी बघितलेली नसते, म्हणून उशिरा आलेला मुलगा रोज ऑफिसात विचारत राहतो, "सर, जूनचा डीपीपी कुठे आहे?"

## आम्ही ग्रुपमध्ये मुलांचं लिहिणं बंद केलंय, फक्त ॲडमिन लिहितात. मग ते चॅनेलच झालं ना?

नाही. हा गैरसमज सर्वांत जास्त दिसतो आणि त्याची किंमत मुलं मोजतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ग्रुपच्या `Permissions` मध्ये जाऊन मेसेज पाठवण्याची परवानगी काढली की गोंगाट थांबतो, हे खरं. पण सदस्यांची यादी उघडीच राहते. ग्रुपमधल्या कुणीही वरच्या नावावर दाबलं की सगळी मुलं ओळीने दिसतात: नाव, फोटो, युजरनेम. त्यातल्या एकीच्या नावावर दाबलं की थेट तिच्या इनबॉक्समध्ये लिहिता येतं. ती सोळा-सतरा वर्षांची मुलगी आहे आणि समोरचा कोण आहे हे तिला माहीत नाही.

असा माणूस ग्रुपमध्ये येतो कुठून? लिंकवरून. मुलं लिंक मित्राला देतात, मित्र पुढे देतो. ग्रुप गप्प असला की आत कोण आलंय याकडे कुणाचं लक्षही जात नाही, कारण तो काही लिहीतच नाही. तो फक्त यादी घेतो आणि एकेकाला निरोप पाठवतो. "तुमच्या सरांचे सगळे टेस्ट पेपर आधीच मिळतील", "आमच्याकडे फी कमी आहे", "घरबसल्या रोज पैसे कमवा" अशा धाटणीचे ते निरोप असतात. कधी तर क्लासचा लोगो लावून, सरांचं नाव घेऊन फीच्या हप्त्याचा क्यूआर कोड पाठवला जातो. पालकांना वाटतं, क्लासनेच नंबर विकले.

मोठ्या ग्रुपमध्ये `Hide Members` नावाची सोय आहे आणि ती चालू केली की यादी फक्त ॲडमिनला दिसते. पण ती शंभराहून जास्त सदस्य असलेल्या ग्रुपलाच मिळते. सत्तर मुलांच्या बॅचला ती मिळणार नाही. शिवाय ती आठवणीने चालू करावी लागते. चॅनेलमध्ये मात्र वाचक पहिल्या दिवसापासून लपलेले असतात, त्यासाठी काही करावं लागत नाही. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत, विसरलं तरी बिघडणार नाही अशी व्यवस्था निवडावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

## ग्रुपमध्ये मुलांचे फोन नंबर सगळ्यांना दिसतात का?

सरसकट नाही. टेलिग्राममध्ये नंबर कुणाला दिसावा हे प्रत्येकाच्या स्वतःच्या सेटिंगवर ठरतं. `Privacy and Security` मध्ये `Phone Number` या नावाखाली सगळ्यांना, फक्त ओळखीच्यांना किंवा कुणालाच नाही, असे पर्याय असतात. सगळ्यांना असं ठेवलेलं असेल तर ग्रुपमधल्या कुणालाही नंबर दिसेल. मुलांनी ते काय ठेवलंय हे क्लासला कळायला मार्ग नाही. आणि नंबर लपवला तरी खासगी मेसेज येण्याचा रस्ता उघडाच राहतो.

चॅनेलमध्ये हा प्रश्न फक्त ॲडमिनपुरता उरतो, कारण वाचकांची यादी त्यालाच दिसते.

## चॅनेलवर पालकांना किंवा मुलांना काही विचारायचं असेल तर?

इथे तीन मार्ग आहेत आणि मी तिसरा निवडते.

पहिला मार्ग म्हणजे चॅनेलला चर्चेचा ग्रुप जोडणे. चॅनेलच्या सेटिंगमध्ये `Discussion` उघडून एखादा ग्रुप जोडला की प्रत्येक पोस्टखाली कमेंट करता येते आणि पोस्टची प्रत आपोआप त्या ग्रुपमध्ये जाते. दिसायला छान आहे. पण कमेंट करणारा प्रत्येक जण नावानिशी उघड होतो, म्हणजे वरच्या उत्तरात जे टाळलं तेच मागच्या दाराने परत येतं. शिवाय कुणीतरी कमेंट तपासत बसावं लागतं. सूचनांच्या चॅनेलला हा ग्रुप जोडू नये.

दुसरा मार्ग नव्या आवृत्त्यांत आला आहे: चॅनेलला थेट खासगी मेसेज पाठवण्याची सोय. ती चालू केली तर विचारणारा इतरांना दिसत नाही. ऑफिसात दिवसभर कुणी बसणारं असेल तर चालेल.

तिसरा मार्ग साधा आहे. चॅनेलच्या वर्णनात क्लासच्या ऑफिसचा नंबर आणि वेळ लिहायची: "चौकशी: सकाळी १० ते संध्याकाळी ७". आणि सूचना अशी लिहायची की प्रश्न पडूच नये. क्लासच्या सूचनेवर येणारे बहुतेक प्रश्न सूचनेत एखादी गोष्ट राहून गेल्यामुळे आलेले असतात. बॅच, वार, तारीख, वेळ, खोली, काय आणायचं, यातलं एक जरी सुटलं तरी फोन सुरू होतात.

## प्रत्यक्षात एखादी सूचना कशी जाते, उदाहरण द्याल का?

समजा, एका क्लासमध्ये अकरावीची ६४, बारावीची ७१ आणि रिपीटरची ३८ मुलं आहेत. बारावीची रविवारची टेस्ट सकाळी आठला ठरली आहे. शनिवारी संध्याकाळी कळतं की हॉलमध्ये पाणी शिरलंय. टेस्ट दहाला आणि दुसऱ्या इमारतीत घ्यायची आहे. रात्रीचे पावणेदहा वाजलेत.

ग्रुपमध्ये काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. सर लिहितात, "उद्या टेस्ट १० ला." पाठोपाठ "ओके सर", अंगठे, हात जोडलेले. मग "सर फिजिक्स पण आहे का?" त्यावर एक मुलगा म्हणतो, "नाही, फक्त केमिस्ट्री." दुसरा म्हणतो, "दोन्ही." अकरावीचा एक विचारतो, "आमची पण आहे का?" अकरा वाजता फोन उघडणाऱ्या मुलीला शेवटचा मेसेज दिसतो तो कुणाच्या तरी वाढदिवसाचा. ती वर सरकवत जाते, मुलाने दिलेलं चुकीचं उत्तर वाचते आणि झोपते.

बारावीच्या चॅनेलवर हीच सूचना अशी जाईल:

```
१२वी : टेस्टची वेळ व जागा बदलली

रविवार, १४ जून
जुनी वेळ : सकाळी ८ (रद्द)
नवी वेळ : सकाळी १० ते १
जागा : नवी इमारत, दुसरा मजला
विषय : फिजिक्स + केमिस्ट्री
सोबत : काळा बॉलपेन, आयडी कार्ड
११वी व रिपीटर : बदल नाही
```

बदललेली गोष्ट पहिल्या ओळीत आहे, कारण नोटिफिकेशनमध्ये तेवढंच दिसतं. जुनी वेळ मुद्दाम लिहून रद्द म्हटली आहे, कारण ती ज्यांच्या डोक्यात बसली आहे त्यांना ती खोडलेली दिसायला हवी. शेवटची ओळ इतर बॅचच्या मुलांसाठी आहे, कारण स्क्रीनशॉट फिरतोच.

पोस्ट टाकल्यावर ती पिन करायची. मग शुक्रवारची जुनी पोस्ट शोधून तिच्यात पहिल्या ओळीत "बदल झाला आहे, १३ जूनची सूचना पाहा" असं लिहायचं. चॅनेलवरची पोस्ट ॲडमिनला नंतरही दुरुस्त करता येते. पण दुरुस्ती केली की नवं नोटिफिकेशन जात नाही, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुन्या पोस्टमध्ये आठच्या जागी दहा करून गप्प बसलात, तर ज्यांनी ती शुक्रवारीच वाचली ते रविवारी आठला बंद दारासमोर उभे राहतील. बदल नेहमी नव्या पोस्टने सांगायचा, दुरुस्ती फक्त जुनी पोस्ट फसवू नये म्हणून.

जुनी पोस्ट डिलीटही करू नये. कुणी ती आधी वाचलेली असते, नंतर शोधायला जातं, सापडत नाही, आणि मग खरं काय ते विचारायला फोन येतो.

## कुणी वाचलं, कुणी नाही, हे चॅनेलवर कसं कळणार?

नावानिशी कळत नाही. चॅनेलची ही खरी उणीव आहे आणि ती मान्य करूनच पुढे जावं. पोस्टखाली डोळ्याच्या चिन्हाशेजारी आकडा असतो, तो किती जणांनी पाहिलं एवढंच सांगतो. पोस्ट कुणी दुसरीकडे फॉरवर्ड केली तर तिथले पाहणारेही त्यात धरले जातात, म्हणून आकडा थोडा फुगलेला असू शकतो.

ग्रुपमध्ये सदस्य शंभरापर्यंत असतील तर ॲडमिनला आपल्या मेसेजवर दाबून कुणी वाचलं ती नावं बघता येतात, तीही साधारण सात दिवसच. लहान बॅचला हा फायदा खरा आहे. पण त्यासाठी सगळ्या मुलांची यादी एकमेकांसमोर उघडी ठेवणं मला पटत नाही.

वरच्या उदाहरणात बारावीच्या चॅनेलवर ७१ मुलं आणि समजा ६० पालक, असे १३१ वाचक आहेत. साडेदहाला आकडा ४८ असेल तर अजून बरीच मंडळी राहिली आहेत. सकाळी सहाला तो ११० च्या वर गेला तर बहुतेक घरांत बातमी पोचली असं धरता येतं, कारण अनेक घरांत दोन फोन आहेत. सहाला तो ७० वरच अडकला असेल तर फोन करायला बसायचं. वेळ किंवा जागा ऐनवेळी बदलली असेल तेव्हा हा फोनचा खर्च टाळू नये. चॅनेल फोन कमी करतं, संपवत नाही.

आकडा सतत कमी राहत असेल तर कारण बहुधा एकच असतं: मुलांनी चॅनेल म्यूट केलंय. बऱ्याच जणांनी टेलिग्रामच्या सेटिंगमध्ये सगळ्याच चॅनेलचे आवाज बंद करून ठेवलेले असतात, कारण ते इतर पन्नास चॅनेलवर असतात. प्रवेशाच्या दिवशीच मुलाच्या हातात फोन असताना आपल्या चॅनेलचा आवाज चालू करून घ्यावा. आणि मग तो विश्वास सांभाळावा. रोजचे सुविचार, सणांच्या शुभेच्छा, टॉपरचे फोटो हे सगळं सूचनांच्या चॅनेलवर टाकू लागलात तर मुलं पुन्हा म्यूट करतील. टाकायचंच असेल तेव्हा आवाजाशिवाय पाठवण्याचा पर्याय वापरा: पाठवण्याच्या बटणावर बोट दाबून धरलं की तो दिसतो. वेळ ठरवून पाठवण्याचा पर्यायही तिथेच असतो. सकाळी सहाची आठवण रात्रीच लावून ठेवता येते.

## सगळ्या क्लासला एक चॅनेल पुरेल की बॅचनिहाय वेगळं?

बॅचनिहाय. अकरावीच्या मुलाला आठवड्यात दहा सूचना आल्या आणि त्यातल्या सात त्याच्या नसल्या, तर त्याच्या तीनही तो वाचणार नाही.

दुसरं कारण तांत्रिक आहे आणि फार कमी जणांना माहीत असतं. चॅनेल मोठं झालं की ॲडमिनला वाचकांच्या यादीत शेवटचे २०० जणच दिसतात. बाकीचे शोधून काढावे लागतात. बॅचचं चॅनेल दोनशेच्या आत असेल तर पूर्ण यादी समोर असते आणि महिन्यातून एकदा हजेरीपटाशी ताडून बघता येते. कोण नाही, कोण जास्तीचं आहे, हे दोन्ही तेव्हाच कळतं.

पालकांसाठी वेगळं चॅनेल करावं का, यावर दोन मतं आहेत. मुलं आणि पालक एकाच चॅनेलवर असावेत असं मला वाटतं. फीच्या हप्त्याची आठवण मात्र चॅनेलवर कधीच टाकू नये, ती ज्याची त्याला फोनवर द्यावी. "खालील विद्यार्थ्यांची फी बाकी आहे" अशी यादी सगळ्यांसमोर लावल्याने एखाद्या मुलाने क्लास सोडावा, इतकं ते मुलाला लागतं.

## चॅनेल पब्लिक ठेवावं की प्रायव्हेट?

सूचनांचं प्रायव्हेट. पब्लिक चॅनेल टेलिग्रामच्या शोधात कुणालाही सापडतं आणि आत न येताही वाचता येतं. म्हणजे मुलं किती वाजता कुठल्या इमारतीतून बाहेर पडतात हेही कुणालाही कळतं. जाहिरातीसाठी, मोफत नोट्ससाठी हवं तर वेगळं पब्लिक चॅनेल काढा.

प्रायव्हेट चॅनेलमध्ये लिंकवरूनच येता येतं. ती लिंक बनवताना `Request Admin Approval` चालू करा. मग लिंकवर दाबणारा थेट आत येत नाही, ॲडमिनकडे विनंती येते. अडचण एवढीच की विनंतीत मुलाने टेलिग्रामवर ठेवलेलं नाव दिसतं आणि ते नाव फॉर्मवरचं असेलच असं नाही. "किंग ०७" कोण, हे ऑफिसने कसं ओळखायचं?

यावर उत्तम उपाय म्हणजे काउंटर. लिंकचा क्यूआर कोड टेलिग्रामच देतं. त्याची छापील प्रत काउंटरच्या काचेच्या आतल्या बाजूला, ऑफिसमधल्या माणसाच्या हाताशी ठेवा, भिंतीवर लावू नका. मुलगा प्रवेशाचा फॉर्म देतो, तिथेच उभं राहून स्कॅन करतो, ॲडमिनच्या फोनवर विनंती येते, समोर उभ्या मुलाकडे आणि फॉर्मकडे बघून ती मंजूर होते, आणि फॉर्मच्या कोपऱ्यात टेलिग्रामवरचं नाव लिहून ठेवलं जातं. एका मुलाला मिनिटभर लागतो. वर्षभर "हा कोण" असा प्रश्न पडत नाही.

लिंक फुटली असं वाटलं तर ती रद्द करून नवी करता येते. लिंक रद्द केल्याने आत आलेले बाहेर जात नाहीत, त्यांना यादीतून वेगळं काढावं लागतं.

## आमच्या नावाचं खोटं चॅनेल कुणी काढलं तर?

टेलिग्रामवर चॅनेलचं नाव आणि फोटो कुणीही कुणाचेही ठेवू शकतं. परीक्षेच्या दिवसांत हा प्रकार वाढतो. २०२५ च्या नीटच्या आधी खोटे दावे पसरवणारी शंभराहून जास्त टेलिग्राम चॅनेल एनटीएने शोधून काढली होती. पेपर मिळेल म्हणणारा प्रत्येक जण पैसे उकळायलाच बसलेला असतो, हे मुलांना वर्गात, तोंडी, स्पष्ट सांगायला हवं.

क्लासच्या पातळीवर दोन नियम आधीच जाहीर करून ठेवा. एक, क्लासचं चॅनेल काउंटरवरच्या कोडनेच मिळतं, दुसऱ्या कुठल्याही लिंकवर विश्वास ठेवू नये. दोन, क्लास टेलिग्रामवर कधीही पैसे मागत नाही. हा दुसरा नियम स्वतः कसोशीने पाळा. एकदा जरी तुम्ही चॅनेलवर यूपीआयचा क्यूआर टाकलात तर पुढच्या खोट्या क्यूआरला पालक फसणारच. खोटं चॅनेल दिसलं तर टेलिग्रामवर रिपोर्ट करा आणि खऱ्या चॅनेलवर त्याचा स्क्रीनशॉट टाकून पालकांना सावध करा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायला सांगा, तिथे वेळ फार महत्त्वाची असते.

## आमच्या नोट्स चॅनेलवरून बाहेर जाऊ नयेत म्हणून काही करता येतं?

चॅनेलच्या सेटिंगमध्ये मजकूर सेव्ह आणि फॉरवर्ड करण्यावर बंदी घालता येते. त्याने सहज होणारी चोरी थांबते. दुसऱ्या फोनने काढलेला फोटो थांबत नाही. आणि ती बंदी घातली की मुलाला पीडीएफ डाउनलोड करून प्रिंट काढता येत नाही, वेळापत्रक आईला फॉरवर्ड करता येत नाही. सूचनांच्या चॅनेलवर ही बंदी नको. ज्या नोट्स खरोखर जपायच्या आहेत त्या छापून द्या, प्रत्येक पानावर क्लासचं नाव घालून.

## आधीच दीडशे मुलांचा ग्रुप आहे. तो चॅनेलमध्ये बदलता येईल का?

तसं बटण नाही. नवं चॅनेल काढून मुलांना तिकडे न्यावं लागतं.

आधी ग्रुपमधल्या कामाच्या फाइल चॅनेलवर फॉरवर्ड करा, पुन्हा अपलोड करायची गरज नसते. फॉरवर्ड करताना पाठवणाऱ्याचं नाव लपवण्याचा पर्याय मिळतो, तो निवडा. वेळापत्रक आणि चालू महिन्याचे डीपीपी आले की पुरे. मग चॅनेलची लिंक ग्रुपमध्ये टाकून पिन करा आणि मंजुरी देताना हजेरीपट शेजारी ठेवा.

यानंतर एक चूक बहुतेक जण करतात: "थोडे दिवस दोन्हीकडे टाकू." जोवर ग्रुपमध्ये सूचना मिळते तोवर कुणी हलत नाही. त्यामुळे ठरलेल्या दिवसापासून ग्रुपमध्ये सूचनेचा मजकूर टाकू नका, फक्त "बारावीची नवी सूचना चॅनेलवर आहे" एवढंच लिहा. आठवडाभरात बहुतेक मुलं येतात. उरलेल्यांना वर्गात नाव घेऊन काउंटरवर पाठवा. मग ग्रुपमधलं लिहिणं बंद करा आणि महिनाभराने ग्रुप डिलीट करा. नुसता सोडून देऊ नका, कारण मालक नसलेल्या त्या ग्रुपमध्ये तुमच्या मुलांची यादी तशीच पडून राहते.

## ग्रुप कधी योग्य ठरतो?

डाउटसाठी. पंधरा-वीस मुलांची बॅच, एक शिक्षक, ठरलेली वेळ. संध्याकाळी आठ ते नऊ डाउट विचारा, नंतर लिहिणं बंद. एका मुलीने गणिताच्या उदाहरणाचा फोटो टाकला, दुसऱ्याने तिची चौथी पायरी कुठे चुकली ते सांगितलं, सरांनी शेवटी शिक्कामोर्तब केलं, हे चॅनेलवर कधीच होणार नाही. मुलं थोडी जास्त असतील तर `Slow Mode` लावा. त्याने एका मुलाला दोन मेसेजमध्ये दहा सेकंदांपासून एक तासापर्यंत थांबवता येतं. एक मिनिट पुरतं.

अशा ग्रुपमध्ये सगळे एकमेकांना वर्गात ओळखतात, म्हणून यादी उघडी असण्याचा धोका बराच कमी असतो. लिंक मात्र इथेही मंजुरीचीच ठेवा.

## ज्या पालकांकडे टेलिग्राम नाही त्यांचं काय?

त्यांना ते घ्यायला भाग पाडू नका. प्रवेशाच्या फॉर्मवरच एक ओळ ठेवा: सूचना टेलिग्रामवर हव्यात की एसएमएसने. बॅचमागे मोजकीच नावं निघतील. त्यांची यादी ऑफिसात ठेवा आणि टेस्ट, सुट्टी, वेळेतला बदल एवढ्या तीनच गोष्टी त्यांना एसएमएसने कळवा.

## चॅनेल कुणाच्या नावावर असावं?

क्लासच्या मालकाच्या. शिकवणारे सर किंवा ऑफिसमधला मुलगा यांना ॲडमिन करा, पण चॅनेल त्यांच्या खात्यावरून काढू नका. ज्याने चॅनेल काढलं तो त्याचा मालक. तो नोकरी सोडून समोरच्या क्लासला गेला तर चॅनेलही त्याच्याच हातात राहतं, आणि सोबत सगळ्या मुलांची यादी.

असं आधीच झालं असेल, तर माणूस जायच्या आधी मालकी बदलून घ्या. त्यासाठी त्याच्या खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू होऊन सात दिवसांहून जास्त झालेले असावे लागतात आणि त्या फोनवर तो किमान चोवीस तास लॉगिन असावा लागतो. म्हणजे शेवटच्या दिवशी "आत्ता करून दे" म्हणून ते होईलच असं नाही. राजीनामा हातात पडला त्याच दिवशी सुरुवात करा. नव्या ॲडमिनला अधिकार देताना पोस्ट टाकणं आणि दुरुस्त करणं एवढंच द्या. नवे ॲडमिन नेमण्याचा अधिकार मालकाकडेच ठेवा, आणि मालकाच्या स्वतःच्या खात्यावरही टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच चालू करा.